रोज तीनशे बैठका, तरी गोळा तिथेच का पडतो?

मोशी ओलांडून पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे निघाले, की वाटेत कुरुळी लागते. आजूबाजूला कारखाने, गोदामे, भाड्याच्या खोल्या आणि त्यांच्यामध्ये उरलेली थोडी मोकळी जागा. पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी कुणकुण लागली, की या मोकळ्या जागांवर पहाटेपासून मुले-मुली धावू लागतात. धावून झाले की जोर आणि बैठका. कोणी शंभर मारतो, कोणी तीनशे. जो जास्त मारतो तो जास्त तयार, असा सगळ्यांचा समज असतो.

भरतीच्या तयारीतल्या मुलांकडून आम्ही एक तक्रार मात्र वारंवार ऐकतो. "बैठका तीनशेवर गेल्या, पाय दुखायचे थांबले, दमही वाढला. पण गोळा चार महिन्यांपूर्वी जिथे पडत होता तिथेच पडतो." मुलींची तक्रार वेगळी असते. "मला पाच जोरसुद्धा येत नाहीत, मी शंभर कधी मारणार?"

या दोन्ही तक्रारींचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. व्यायाम तोच असला तरी तो सलग किती वेळा करता येतो, यावरून शरीर वेगवेगळे घडते. हलके ओझे शेकडो वेळा उचलले तर दम वाढतो. जड ओझे मोजक्या वेळा उचलले तर ताकद वाढते. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण एकाचे काम दुसरा पुरते करत नाही.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत दोन्हींची परीक्षा होते. चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचे असते, बाकी गुणांची वाटणी तशीच. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा. म्हणजे २० गुण मुख्यतः दमाचे झाले. उरलेले ३० गुण जोराचे आणि वेगाचे, म्हणजे ज्यांच्या मुळाशी ताकद आहे असे. तीनशे बैठका मारणारा मुलगा सगळा घाम वीस गुणांच्या बाजूला गाळतो आणि तीस गुणांची बाजू कोरडी राहते.

स्नायूच्या आत काय होते

आपला प्रत्येक स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो. हे तंतू एकेकटे काम करत नाहीत, त्यांच्या टोळ्या असतात. पाठीच्या कण्यातून निघालेली एक नस एका टोळीला हुकूम देते आणि त्या टोळीतले सगळे तंतू एकदम आवळतात. काही टोळ्या लहान असतात. त्यांचा जोर कमी, पण त्या सहसा थकत नाहीत. काही टोळ्या मोठ्या असतात. त्यांचा जोर भरपूर, पण त्या लवकर दमतात.

शरीर या टोळ्यांना ठरलेल्या क्रमाने कामाला लावते. आधी लहान, गरज पडली तरच मोठ्या. कंपनीतला सुपरवायझर करतो तसेच हे आहे. हलका खोका उचलायचा असेल तर तो दोन माणसांना हाक मारतो. जड साचा हलवायचा असेल तरच सगळ्या लाइनला बोलावतो. रोज हलकेच खोके येत राहिले, तर मागच्या बाकावरच्या धिप्पाड गड्यांना कोणी उठवतच नाही.

तीनशे बैठका मारू शकणाऱ्या मुलाच्या पायांचे असेच होते. त्याच्यासाठी एक बैठक हा हलका खोका असतो. पहिल्या शंभरात लहान टोळ्याच काम उरकतात. त्या थकत गेल्या की थोड्या मोठ्या टोळ्या येतात, पण त्यांनाही मोठा जोर लावावा लागत नाही, नुसते रेटत राहावे लागते. अशा कामातून शरीर जो बदल करून घेते तो रेटत राहण्याचाच असतो. तंतूंभोवती केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. प्राणवायू वापरून इंधन जाळणाऱ्या पेशींतल्या भट्ट्या वाढतात. स्नायूत साचणारी आग सोसण्याची आणि ती निवळवण्याची क्षमता वाढते. याला आपण दम म्हणतो.

जड ओझ्याची गोष्ट वेगळी. पाच-सहा वेळाच उचलता येईल असे ओझे घेतले, तर पहिल्या उचलीपासूनच जवळजवळ सगळ्या टोळ्यांना यावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा फुगत नाही, तरी उचल वाढते. याचे कारण मेंदू आणि नसा शिकत असतात. अधिक टोळ्यांना एकदम आणि वेगाने हाक कशी मारायची, हे त्यांना जमू लागते. त्यानंतर हळूहळू तंतू जाड होतात, स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिराही चिवट होतात. गोळा हातातून सुटण्याच्या क्षणी नेमके हेच लागते. तिथे तीनशे वेळा रेटायचे नसते. एकदाच, पण सगळ्या टोळ्यांनी मिळून ढकलायचे असते.

आपल्या जुन्या तालमींत या दोन्ही वाटा होत्या. जोर-बैठका शेकड्यांनी मोजल्या जात, पण त्याच तालमीच्या कोपऱ्यात दगडी नालही पडलेला असे. मधोमध भोक आणि धरायला मूठ असलेला तो जड दगड कोणी शंभर वेळा उचलत नसे. मोजक्या वेळा उचलायचा आणि खाली ठेवायचा. आज मोकळ्या जागेवर जोर-बैठका तेवढ्या उरल्या, नाल मागे पडला.

मोजून पाहिले तेव्हा काय दिसले

हा फरक शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा ठळकपणे मांडला तो थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात गुडघ्याला जखमा झालेले सैनिक शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात त्याच्याकडे येत. तोपर्यंत अशा रोग्यांना हलके व्यायाम पुष्कळ वेळा करायला सांगत, आणि त्यांच्या मांड्या बारीकच राहत. डीलॉर्मने त्यांना दहा वेळाच उचलता येईल एवढे जड वजन द्यायला सुरुवात केली. मांड्या भरू लागल्या. १९४५ साली त्याने लिहिले, की जास्त ओझे आणि कमी वेळा यातून ताकद येते, कमी ओझे आणि जास्त वेळा यातून दम येतो, आणि एक पद्धत दुसरीचे फळ देऊच शकत नाही.

शेवटचे वाक्य जरा जास्तच ठाम होते. १९८२ साली अँडरसन आणि केअर्नी या दोघा संशोधकांनी कॉलेजच्या वयाच्या ४३ तरुणांवर ते तपासले. व्यायाम एकच होता, बाकावर उताणे पडून छातीवरून वजन ढकलणे, म्हणजे जिममधला बेंचप्रेस. आठवड्यातून तीन दिवस, नऊ आठवडे. पहिला गट सहा ते आठ वेळाच ढकलता येईल असे जड वजन घेई आणि त्याचे तीन सेट करी. दुसरा गट तीस ते चाळीस वेळांचे दोन सेट करी. तिसरा गट हलके वजन घेऊन शंभर ते दीडशे वेळांचा एकच सेट करी.

नऊ आठवड्यांनी एकदाच ढकलता येईल असे सर्वांत जास्त वजन मोजले. जड गटाची ताकद सुमारे २० टक्के वाढली होती. मधल्या गटाची ८ टक्के आणि हलक्या गटाची फक्त ५ टक्के. शंभर-दीडशे वेळा वजन ढकलणाऱ्यांनी घाम कमी गाळला नव्हता, पण ताकदीच्या खात्यात थोडेच जमा झाले.

मग दम मोजला, आणि तो दोन प्रकारे मोजला. फरक कळण्यासारखा आहे, म्हणून जरा सावकाश वाचावे.

पहिल्या प्रकारात प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या ताकदीच्या ठरावीक हिश्श्याएवढे वजन दिले. जो बलवान त्याला जास्त वजन, जो कमी त्याला कमी. इथे हलका गट २८ टक्क्यांनी आणि मधला गट २२ टक्क्यांनी सुधारला. जड गट उलट ७ टक्के मागे गेला.

दुसऱ्या प्रकारात सगळ्यांना एकच ठरलेले वजन दिले. इथेही हलका गट ४१ टक्के आणि मधला गट ३९ टक्के वाढून पुढे राहिले. पण जड गटही जवळजवळ २४ टक्के सुधारला होता. कारण सरळ आहे. ताकद वाढली की तेच वजन त्या माणसाला हलके वाटू लागते.

आपल्या घरांसाठी हा दुसरा प्रकार महत्त्वाचा आहे, कारण आपल्या कामातले वजन आपल्या ताकदीप्रमाणे बदलत नाही. चाकणच्या गोदामात २० किलोचा खोका उचलणाऱ्याचे पाहा. तो जास्तीत जास्त ४० किलो उचलू शकत असेल, तर प्रत्येक खोका त्याच्या ताकदीचा निम्मा भाग मागतो. त्याची उचल ५० किलोवर गेली, तर तोच खोका पाचातले दोनच भाग मागतो. खोक्यांची संख्या तीच, पण शिफ्टच्या शेवटी उरणारे अंग वेगळे. दिवसभर एकच हालचाल शेकडो वेळा करणाऱ्याला घरी येऊन पुन्हा दोनशे बैठकांची गरज नसते. दमाचे काम कंपनीने करून घेतलेलेच असते. त्याला उणीव असते ती ताकदीची.

जोर तोच, भावासाठी वेगळा आणि बहिणीसाठी वेगळा

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. भाऊ २२ वर्षांचा, पॅकिंग विभागात कंत्राटी कामगार. बहीण १९ वर्षांची, कॉलेजात. दोघे भरतीची तयारी करतात. भाऊ एका दमात ५० जोर मारतो. बहिणीला चार येतात, पाचव्याला छाती जमिनीलाच राहते.

लोक म्हणतील, भाऊ पुढे आहे, बहिणीने आधी पन्नासवर यावे. पण हिशेब असा लागतो, की बहिणीसाठी जोर हा आजच्या घडीला ताकदीचा व्यायाम आहे आणि भावासाठी दमाचा. चारच वेळा जमणारी गोष्ट म्हणजे जड वजन. तिच्या छातीच्या आणि दंडाच्या सगळ्या टोळ्या पहिल्याच जोरात कामाला लागतात. भावाच्या लागत नाहीत. ताकद वाढवण्याचे साधन तिच्याकडे फुकटात आहे, त्याला ते शोधावे लागेल.

बहिणीने चार येतात म्हणून चारही संपवू नयेत. तिने तीन-तीन जोरांचे चार सेट करावेत. दोन सेटमध्ये पूर्ण तीन मिनिटे थांबावे, घड्याळ लावून. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर. चारही सेटमध्ये तीन-तीन स्वच्छ निघाले, की पुढच्या वेळी पहिल्या दोन सेटमध्ये चार करावेत. असे करत पाच-पाचचे चार सेट जमले, की पाय विटेवर ठेवून पुन्हा तीनपासून सुरू करावे. पाय उंच झाले की हातांवर येणारे ओझे वाढते. ज्या मुलीला एकही जोर येत नाही तिने हात स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून जोर मारावेत आणि जमेल तसे खालच्या पायरीवर यावे. उंची कमी होईल तसे ओझे वाढेल. गुडघे टेकून पन्नास मारण्यापेक्षा पायरीवर हात ठेवून पाच मारणे तिच्या गोळ्याला जास्त उपयोगी.

भावाला ओझे वाढवावे लागेल. जिमचे पैसे नसतील तर वाळू आहे. जुनी मजबूत शाळेची बॅग किंवा दुहेरी गोणी घ्यावी, वाळू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दोन-दोन किलो तोलून भरावी आणि पिशव्या घट्ट बांधाव्यात. किराणा दुकानातल्या काट्यावर पाच मिनिटांचे काम. वजन ठाऊक असणे महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या आठवड्यात किती वाढवले हे कळले पाहिजे.

पायांसाठी साधी बैठक त्याला हलकी पडते. म्हणून मागचा पाय पायरीवर ठेवून पुढच्या एकाच पायावर बैठक घ्यावी. एका पायावर आले की ओझे जवळपास दुप्पट होते. वर पाठीवर वाळूची बॅग. समजा २० किलो घेऊन त्याला एका पायावर आठ बैठका निघतात. मग त्याने पाच-पाचचे चार सेट करावेत, प्रत्येक पायावर. सेटमध्ये तीन मिनिटे विश्रांती. सगळ्या सेटमध्ये सहा-सहा नीट निघाले, की दोन किलोची एक पिशवी वाढवावी आणि पुन्हा पाचवर यावे. जोरासाठी तीच बॅग पाठीवर पट्टा आवळून घ्यावी आणि पाय पायरीवर ठेवावेत. आठच्या आत अंग अडेल एवढे ओझे हवे.

इथे दोघांनाही एक मोह होतो. तीन मिनिटे थांबणे म्हणजे वेळ फुकट घालवणे वाटते. अर्ध्या मिनिटात पुढचा सेट सुरू केला, तर स्नायूतले झटपट इंधन परत भरलेले नसते. मग पाचऐवजी तीनच निघतात, किंवा ओझे कमी करावे लागते. ताकदीचा सेट नकळत दमाचा होऊन बसतो.

आपण नेमके काय करतो आहोत हे शरीर सांगते. दमाचा सेट संपतो तेव्हा स्नायूत आग होते, छाती भात्यासारखी चालते आणि जळजळ सोसवत नाही म्हणून आपण थांबतो. ताकदीच्या सेटमध्ये फारशी आग होत नाही. पहिल्या उचली सरळ जातात, मग एक उचल संथ होते आणि पुढची अडणार असे वाटते. तिथेच थांबावे. एखादी शिल्लक ठेवूनच सेट संपवावा, उचल वाकडी होईपर्यंत ओढू नये.

मग शेकडा बैठका सोडून द्यायच्या का?

नाही. १६०० किंवा ८०० मीटरच्या शेवटच्या वळणावर पाय जड होतात, तिथे स्नायूचा दम कामी येतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस तीस-तीस बैठकांचे तीन सेट करावेत. मध्ये एकच मिनिट विश्रांती, आणि तीही हळूहळू पाऊण मिनिटावर आणावी. या सेटमध्ये थांबण्याचा वेळ कमी करणे हीच प्रगती. ताकदीच्या दिवशी ओझे वाढवणे ही प्रगती.

पण बैठकांचा दम आणि धावण्याचा दम एकच नव्हे. बैठकांनी मांडीचा दम वाढतो. हृदय आणि फुप्फुसांचा दम धावूनच वाढतो. पाचशे बैठका मारणारा मुलगा दुसऱ्या चक्करला धापा टाकतो, तेव्हा त्यात नवल काही नाही. तसेच नुसत्या जड बैठकांनी गोळा लांब जात नाही. गोळ्याची फेक ही ताकद, वेग आणि पवित्रा यांची बेरीज आहे. ताकद वाढत असताना आठवड्यातून दोनदा खरा गोळा फेकत राहिले, तरच नवी ताकद त्या फेकीत उतरते.

भावा-बहिणीचा आठवडा असा लागेल. सोमवार आणि गुरुवार ताकदीचे, त्यांना पाऊण तास पुरतो. मंगळवार आणि शनिवार धावण्याचे. बुधवारी तीस-तीसचे सेट आणि त्याआधी, अंग ताजे असताना, गोळ्याच्या दहा-बारा फेकी. शनिवारी धावण्याआधी पुन्हा तेवढ्याच फेकी. शुक्रवार आणि रविवार सुट्टी. एकाच दिवशी दोन्ही करावेच लागले तर ताकद आधी, दम नंतर. थकलेल्या पायांनी जड ओझे घेतले तर ओझेही कमी उचलले जाते आणि दुखापतही लवकर होते.

भावाची रात्रपाळी आली की हा आठवडा कोलमडतो. अशा वेळी बहुतेक जण वजन हलके करतात आणि संख्या तेवढीच ठेवतात. करावे उलट. बॅगेतले वजन तेवढेच ठेवावे आणि चार सेटऐवजी दोन करावेत, तेही एकाच दिवशी. ओझे कायम ठेवले तर थोड्या सेटांवरही कमावलेली ताकद काही आठवडे टिकते. ओझे कमी केले की ती उतरू लागते.

आणखी एक गैरसमज जिममध्ये पसरलेला आहे, की जास्त वेळा मारल्याने चरबी झडून कट पडतात आणि कमी वेळा मारल्यानेच बॉडी बनते. स्नायूचा आकार वाढायला संख्या तितकी निर्णायक नाही. २०१५ साली अमेरिकेत शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी वजन मारण्याची सवय असलेल्या तरुणांचे दोन गट केले. एक गट ८ ते १२ वेळा आणि दुसरा २५ ते ३५ वेळा वजन उचले, दोघेही अगदी थकेपर्यंत. आठ आठवड्यांनी स्नायू दोघांचे जवळपास सारखेच वाढले. बैठकीतली ताकद मात्र जड गटाची जास्त वाढली, आणि हलके वजन पुष्कळ वेळा ढकलण्यात हलका गट पुढे गेला. म्हणजे आरशात दोघे सारखे दिसतील. फरक दिसेल तो मैदानावर.

कुठे बिघडते आणि कसे ओळखावे

जास्त संख्येच्या व्यायामाला लोक निर्धोक समजतात, पण त्याचा धोका मोठा आहे. सवय नसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी चारशे-पाचशे बैठका मारायला लावल्या, मग ती शिक्षा असो की पैज, तर मांडीचे स्नायू अतोनात फाटतात. फाटलेल्या तंतूंतला पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात अडकतो. उन्हाळ्यात, पाणी कमी प्यालेले असताना, हे लवकर घडते. साधी दुखण दुसऱ्या दिवशी येते, हिंडल्या-फिरल्यावर सैल होते आणि तीन-चार दिवसांत जाते. बिघाडाची खूण वेगळी असते. मांड्या सुजून टणक होतात, पाय वाकत नाही, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा किंवा कोलासारखा काळपट होतो. असा रंग दिसला तर मालीश करत किंवा वेदनेची गोळी घेत घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि किती बैठका मारल्या ते डॉक्टरांना सांगावे. वेळेवर उपचार मिळाले तर मूत्रपिंड वाचते. नवख्याने वीस-तीस बैठकांपासून सुरू करावे आणि दर आठवड्याला थोड्या वाढवाव्यात.

जड ओझ्याचा धोका पाठीला आणि गुडघ्याला असतो. जमिनीवरून गोणी उचलताना पाठ कमानीसारखी वाकली, किंवा बैठकीत गुडघे आत वळू लागले, तर ते ओझे आज आपले नाही. दोन किलो काढावेत. उचलताना श्वास कोंडून धरला की रक्तदाब एकदम चढतो. म्हणून खाली जाताना श्वास घ्यावा आणि वर येताना सोडावा. रक्तदाब वाढलेला असेल, छातीत दुखत असेल, हर्निया असेल किंवा बाळंतपण नुकतेच झाले असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड ओझे घेऊ नये. नव्या माणसाने पहिले तीन-चार आठवडे पाच-सहाच्या सेटकडे वळूच नये. मध्यम ओझ्याचे दहा-बाराचे सेट करून आधी हालचाल बसवावी. सांध्याच्या शिरा स्नायूपेक्षा सावकाश घडतात, त्यांना तेवढा वेळ लागतो.

ओझे वाढते आहे की नाही हे आठवणीवर सोडू नये. वहीत तारीख, व्यायाम, बॅगेतले किलो, सेट आणि प्रत्येक सेटमधली संख्या लिहावी. महिन्यातून एकदा, विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गोळा फेकून टेपने अंतर मोजावे आणि १६०० किंवा ८०० मीटरची वेळ घ्यावी. आठ आठवड्यांनी वही उघडली की उत्तर समोर असते. वेळ सुधारली आणि गोळा तिथेच राहिला, तर संख्या जास्त आणि ओझे कमी पडते आहे. गोळा पुढे गेला आणि शेवटच्या चक्करला पाय जड होऊ लागले, तर धावण्याचा एक दिवस वाढवावा. बॅगेतले किलो आठ आठवडे तेच असतील आणि फक्त संख्याच वाढत गेली असेल, तर ताकदीचा व्यायाम कधीच दमाचा होऊन गेला आहे. तिथे एक बैठक वाढवण्याऐवजी दोन किलोची पिशवी वाढवावी.